रिलेचे पॉइंट चिकटतात की खड्डे पडतात? आधी पॉइंट वाचा, मग इलाज करा

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधले दिवे एका सकाळी विझेचनात. टायमरच्या डिस्प्लेवर OFF आलं होतं, आतून ‘टक्’ आवाजही आला होता, तरी दिवे चालूच. वॉचमनने पेटीवर बॅटरीच्या बुडाने एक ठोसा दिला आणि सगळे दिवे एकदम गेले. चार दिवस हाच ‘स्विच’ चालला, पाचव्या दिवशी ठोशालाही दाद मिळेना. तीन महिन्यांत हा दुसरा टायमर होता. वायरमनचं म्हणणं सरळ होतं, “साहेब, माल हलका आहे. सोळाचा काढून पंचवीस अँपिअरचा टाकू.”

लोड होता १८ वॅटच्या २४ एलईडी बॅटनचा, म्हणजे ४३२ वॅट. पॉवर फॅक्टर ०.९ धरला तर करंट जेमतेम २.१ अँपिअर. टायमरच्या आतली सोळा अँपिअरची रिले दोन अँपिअरवर जळते, तेव्हा तिच्यावर लिहिलेला आकडा आणि तिला प्रत्यक्ष सोसावं लागणारं काम यांचा मेळ बसत नाही, एवढं तरी नक्की समजावं.

रिलेचे पॉइंट दोन वेगळ्या क्षणी मार खातात. एक मिटताना, एक उघडताना. मिटतानाचा मार चालू होतानाच्या उसळत्या करंटचा, उघडतानाचा मार ठिणगीचा. पहिल्याचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. चिकटणाऱ्या रिलेवर स्नबर, म्हणजे ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, लावून ‘तरी चिकटतेच’ म्हणणारे मी खूप पाहिले आहेत. म्हणून आधी कुठल्या क्षणाचा मार आहे ते ठरवायचं.

पहिलं काम: खरंच चिकटली आहे का?

एमसीबी बंद करा आणि लोडकडच्या टर्मिनलवर टेस्टर नव्हे, मल्टिमीटर लावून सप्लाय गेल्याची खात्री करा. चिकटलेल्या रिलेत ‘OFF म्हणजे बंद’ हे गृहीतच खोटं ठरलेलं असतं, आणि कुणी रिले न्यूट्रलमध्ये टाकली असेल तर दिवा विझलेला असतानाही होल्डरमध्ये फेज असते. लोडची वायर सोडवा. कॉइलला सप्लाय नसताना COM आणि NO या एरवी तुटलेल्या टर्मिनलांमध्ये कंटिन्युइटी दिसली तर पॉइंट चिकटले आहेत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलका टकोरा देऊन पाहा. सुटली तर ते वरवरचं चिकटणं, पण तेवढ्यावर ती पुन्हा वापरू नका. एकदा वितळलेली जागा खडबडीत होते आणि पुढच्या वेळी तिथेच आधी टेकते.

कंटिन्युइटी नसेल, तर रिले ड्राइव्ह करणारा ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे का ते बघा. कॉइलवर सतत व्होल्टेज येत असेल तर बिचाऱ्या पॉइंटांचा काहीच दोष नसतो. आमच्या टायमरमध्ये कॉइल कोरडी होती आणि पॉइंट शॉर्ट.

उलट तक्रारही असते: रिले ‘टक्’ करते पण दिवा मिणमिणतो, किंवा मोटर कधी चालू होते कधी नाही. तेव्हा पॉइंटांचा रेझिस्टन्स वाढलेला असतो. तो मल्टिमीटरच्या ओमवर कळत नाही, कारण मीटर फार थोडा करंट सोडतो आणि प्रोब-लीडचा रेझिस्टन्सच पॉइंटांपेक्षा जास्त असतो. माझी पद्धत अशी: रिले बाहेर काढायची, कॉइलला तिचा सप्लाय द्यायचा, आणि पॉइंटांतून १२ व्होल्ट बॅटरीवर गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पेटवायचा. साधारण पावणेदोन अँपिअर वाहतात. आता थेट COM-NO पिनांवर मिलिव्होल्ट मोजायचे. छोट्या पॉवर रिलेच्या डेटाशीटमध्ये कमाल १०० मिलिओम लिहिलेलं असतं, म्हणजे १७५ मिलिव्होल्टची मर्यादा. चांगली नवी रिले त्याच्या बरीच खाली राहते. आठ-दहा वेळा चालू-बंद करा. दर वेळी वेगळाच आकडा येत असेल, कधी ४० तर कधी ३००, तर पृष्ठभाग खड्ड्यांनी भरला आहे.

दुसरं काम: रिले फोडून पॉइंट वाचणे

हे काम बहुतेक जण टाळतात, आणि खरी माहिती इथेच असते. हॅकसॉच्या ब्लेडने तळाच्या कडेला हळूहळू चीर पाडत गेलं की प्लास्टिकचं टोपण निघतं. भिंग घ्या. मोबाइलचा कॅमेरा झूम करूनही चालतं.

आमच्या टायमरचे पॉइंट मी पातीने वेगळे केले तेव्हा दोन्हींवर मोहरीच्या दाण्याहून लहान असा एकच ठिपका होता. चकचकीत, आणि तुटलेल्या धातूसारखा दातेरी. बाकीचा पॉइंट जवळजवळ नवा. काजळी नाही, टोपणाच्या आतून धातूचे शिंतोडे नाहीत. हे चित्र मिटतानाच्या माराचं: क्षणभर प्रचंड करंट गेला, टेकलेला बिंदू वितळला आणि थिजताना दोघांना जोडून गेला.

उघडतानाचा मार वेगळा दिसतो. एसीवर कॉइलसारखा इंडक्टिव्ह लोड तोडणारे पॉइंट दोन्ही बाजूंनी काळे, वाळूकागदासारखे खरखरीत होतात आणि टोपणाच्या आत करड्या धुळीचा थर बसतो. डीसीवर तर खूण आणखी बोलकी असते: एका पॉइंटवर टोक उगवतं आणि समोरच्यावर तेवढाच खड्डा पडतो, कारण करंटची दिशा बदलत नाही आणि धातू एकाच बाजूकडून दुसरीकडे जात राहतो. ते टोक खड्ड्यात अडकून रिले उघडत नाही तेव्हा ती ‘चिकटल्यासारखी’ वाटते. प्रत्यक्षात वेल्ड नसतो, खिळा अडकलेला असतो. फोडून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही.

पातीचा रंग निळसर झाला असेल आणि टर्मिनलजवळचं प्लास्टिक वितळलं असेल तर ढिला स्क्रू शोधा. तो वेगळा रोग आहे.

आणखी एक पुरावा रिलेच्या वयात असतो. आमचा टायमर रोज एकदाच चालू व्हायचा. तीन महिने म्हणजे जेमतेम नव्वद वेळा. अशा रिलेचं आयुष्य रेझिस्टिव्ह लोडवर बहुधा एक लाख वेळांचं लिहिलेलं असतं. नव्वदाव्या वेळी झिजून कुणी मरत नाही. काही वेळा, किंवा प्रत्येक वेळी, सहनशक्तीपलीकडचा फटका बसतोय हाच त्याचा अर्थ.

तिसरं काम: फटका किती मोठा, याचा हिशेब

जुन्या पिवळ्या बल्बचा फटका घरच्या मीटरने कळतो. २३० व्होल्ट, १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना ५२९ ओमचा असतो (२३०×२३०÷१००). थंड असताना मोजा, चाळीस ओमच्या आसपास येईल. म्हणजे पहिल्या क्षणी दहा-पंधरापट करंट. तार क्षणार्धात तापते आणि करंट उतरतो.

एलईडीला तार नाही, म्हणून फटका नाही, हा गैरसमज मात्र महागात पडतो. ड्रायव्हरच्या तोंडाशी ब्रिज रेक्टिफायर आणि त्यामागे रिकामा कपॅसिटर असतो. मेन्सची लाट माथ्यावर, म्हणजे ३२५ व्होल्टवर असताना पॉइंट मिटले, तर त्या क्षणी तो कपॅसिटर जवळजवळ शॉर्टच. करंटला आवरणारं फक्त वायरिंग आणि ड्रायव्हरमधला छोटा रेझिस्टर. ड्रायव्हरच्या कागदावर ‘इनरश’ म्हणून अँपिअर आणि मायक्रोसेकंद असे दोन आकडे असतात. आमच्या बॅटनवर १५ अँपिअर, १५० मायक्रोसेकंद होते. चोवीस बॅटन एका रिलेवर, म्हणजे कागदोपत्री ३६० अँपिअर!

प्रत्यक्षात वायर मदतीला येते. दीड एमएमच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२.१ ओम. टायमरपासून पार्किंगच्या टोकापर्यंत ४० मीटर, जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळजवळ एक ओम. सप्लायच्या बाजूचे थोडे धरून एकूण १.४ ओम म्हणू.

```
I = 325 V / 1.4 ohm = 232 A
```

जवळच्या बॅटनना वायर कमी लागते, त्यामुळे आकडा नेमका नाही. पण दोन अँपिअरच्या लोडसाठी पॉइंटांना शे-दोनशे अँपिअरचा झटका बसू शकतो, एवढं या हिशेबातून स्वच्छ दिसतं. त्यात पॉइंट एकदाच मिटत नाहीत. टेकले की चेंडूसारखे उसळतात, एखाद-दोन मिलिसेकंद. पहिल्या टेकण्याला झटका, उसळीत ठिणगी, मऊ झालेल्या धातूवर पुन्हा टेकणं. वेल्डिंग करायला याहून वेगळं काय करतात?

मग कधी चिकटते, कधी नाही, असं का? पॉइंट लाटेच्या कुठल्या जागी मिटतात हे नशिबावर असतं. शून्याजवळ मिटले तर फटका जवळजवळ नाही. म्हणूनच दुरुस्तीनंतर पन्नास वेळा चालू-बंद करून ‘झालं ठीक’ म्हणण्यात अर्थ नाही.

एमसीबी का पडला नाही, हेही विचारलं जातं. कारण इतक्या छोट्या झटक्यात त्याची यंत्रणा हलतच नाही. क्लॅम्पमीटरलाही ही उसळी धड दिसत नाही. ‘INRUSH’ बटण असलेले क्लॅम्प बहुधा १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजतात. मोटरसाठी ते उत्तम, पण १५० मायक्रोसेकंदांचा टोचा त्यात विरून जातो. मीटरवर आठ अँपिअर दिसले म्हणून निश्चिंत होऊ नका. करंट प्रोब आणि ऑसिलोस्कोप नसेल तर वरचा हिशेबच जास्त खरा. स्कोपची अर्थ क्लिप थेट मेन्सला लावून ‘बघू या’ म्हणू नका.

मिटतानाच्या माराचा इलाज

पंचवीस अँपिअरची रिले टाकून आणखी काही महिने निघाले असते, एवढंच. अँपिअरच्या आकड्यापेक्षा पॉइंटांचा धातू आणि लोडचा प्रकार बघायचा. सिल्व्हर-निकेलपेक्षा सिल्व्हर-टिन-ऑक्साइडचे पॉइंट चिकटायला जास्त विरोध करतात. डेटाशीटवर TV-5 किंवा TV-8 दिसलं तर तो दिव्यांच्या लोडचा आकडा असतो. TV-5 म्हणजे ५ अँपिअर चालू आणि ७८ अँपिअरचा सुरुवातीचा फटका. खास दिव्यांसाठी अशाही रिले मिळतात ज्यांत आधी टंगस्टनचा पॉइंट टेकतो, फटका सोसतो, आणि मग चांदीचा मिटतो. त्यांच्यावर ८०० अँपिअर २०० मायक्रोसेकंद असे आकडे असतात. एलईडीसाठी हीच खरी रिले, पण गावातल्या दुकानात सहसा मिळत नाही.

आम्ही दोन गोष्टी केल्या. बॅटनचे तीन गट करून तीन रिले, एकमेकींनंतर अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने मिटणाऱ्या. आणि प्रत्येक गटाच्या फेजमध्ये १० ओमचा एनटीसी. थंड असताना तो दहा ओम असतो, करंट वाहून तापला की एखाद-दोन ओमवर येतो. आता हिशेब ३२५ भागिले ११.४, म्हणजे २८ अँपिअरच्या आसपास. कुठलीही बरी रिले हे वर्षानुवर्षं सोसते.

एनटीसीची खोड अशी की तो चालू असताना चटका बसेल इतका तापतो आणि थंड व्हायला मिनिटभर तरी घेतो. लाईट गेली आणि दहा सेकंदांत आली, तर गरम एनटीसी काहीच अडवत नाही. म्हणून आम्ही टायमरला सप्लाय आल्यावर दोन मिनिटांचा डिले ठेवला. एनटीसी पीव्हीसी वायरला टेकवून टेपने गुंडाळू नका. सिरॅमिक कनेक्टरवर मोकळा सोडा, आणि त्याचा करंट चालू लोडच्या दुप्पट तरी धरा.

मोटर असेल तर

पाण्याच्या टाकीच्या ऑटोमॅटिक कंट्रोलरमधली ३० अँपिअरची रिले आणि एक एचपीचा पंप, ही जोडी घरोघरी आहे. पंप चालताना सहाच्या आसपास अँपिअर घेतो, सुरू होताना पाच-सहापट, म्हणजे पस्तीस. एलईडीपेक्षा फटका बुटका, पण अर्धा-एक सेकंद टिकणारा. क्लॅम्पमीटर इथे मात्र खरं बोलतो.

खरा घात होतो व्होल्टेज उतरल्यावर. मोटरचा सुरुवातीचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गानुसार बदलतो. १७० व्होल्टवर तो २३० च्या मानाने निम्म्यावर येतो, त्यामुळे मोटर रेंगाळत उठते. त्याच वेळी कंट्रोलरच्या साध्या ट्रान्सफॉर्मरचे १२ व्होल्ट नऊच्या आसपास उतरलेले असतात. बहुतेक १२ व्होल्टच्या रिले ओढायला साधारण ९ व्होल्ट मागतात. रिले ओढते, मोटर सुरू होताना व्होल्टेज आणखी बसतं, रिले सुटते, व्होल्टेज वर येतं, पुन्हा ओढते. हा ‘टर्रर्र’ आवाज ऐकला असेल तर पॉइंट का चिकटले ते विचारायलाच नको. मोटर सुरू होताना कॉइलवर मीटर लावून बघा. नऊच्या खाली सुई जात असेल तर आधी कॉइलचा सप्लाय सुधारा. नवी रिले टाकूनही हा रोग तसाच राहतो.

एक एचपी आणि वर, मी रिलेने थेट मोटर चालवतच नाही. रिलेने कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची, कॉन्टॅक्टरने मोटर. कॉन्टॅक्टर निवडताना AC-3 चा आकडा बघायचा, कारण तो मोटरसाठी असतो. शेजारचा मोठा AC-1 चा आकडा हीटरसाठी. एक एचपीला AC-3 चा ९ अँपिअर पुरतो. सोबत ओव्हरलोड रिले घ्याच, कारण चिकटलेला कॉन्टॅक्टर कोरडा पंप चालवत राहिला तर वाइंडिंग जाते.

उघडतानाचा मार आणि विसरलेला स्नबर

कॉन्टॅक्टर लावला की नवाच प्रश्न उभा राहतो. छोट्या रिलेवर आता मोटर नाही, फक्त कॉन्टॅक्टरची कॉइल आहे. करंट चाळीसेक मिलिअँपिअर. तरी सहा महिन्यांत रिलेचे पॉइंट काळे पडतात. कॉइलमधला करंट तोडला की ती व्होल्टेज वाढवून तो चालू ठेवायला बघते. बघता बघता हजारभर व्होल्ट उभे राहतात आणि उघडत्या फटीत ठिणग्यांची फुलबाजी लागते. याच ठिणग्यांनी शेजारचा मायक्रोकंट्रोलर रीसेट होतो, डिस्प्ले हँग होतो. असा हँग दिसला की मी आधी स्नबर आहे का ते बघतो.

एसी कॉइलला १०० ओम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये जोडून कॉन्टॅक्टरच्या A1-A2 वर लावा. कपॅसिटर X2 प्रकारचा, २७५ व्होल्ट एसी छापलेलाच हवा. पंख्याच्या रेग्युलेटरमधला उचलून लावू नका. रेझिस्टर एक वॅटचा. रेझिस्टर वगळून नुसता कपॅसिटर पॉइंटांवर लावणं म्हणजे हातानेच वेल्डिंग मशीन बनवणं. भरलेला कपॅसिटर मिटत्या पॉइंटांतून रिकामा होतो. १०० ओम असले की तोच झटका सव्वातीन अँपिअरवर थांबतो.

स्नबर पॉइंटांवर न लावता कॉइलवरच लावा, असं का म्हणतो? पॉइंटांवरच्या स्नबरमधून रिले उघडी असतानाही करंट झिरपत राहतो: २३० व्होल्ट, ५० हर्ट्झला सात मिलिअँपिअर. एवढ्यावर एलईडी दिवा रात्रभर मंद पेटतो किंवा लुकलुकतो, आणि एखादा छोटा कॉन्टॅक्टर सुटायला कुरकुरतो. एलईडीच्या रिलेवर स्नबर बसवून चिकटणं थांबत नाही, वर ही नवी तक्रार येते.

डीसी लोड असेल, समजा २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, तर 1N4007 पुरे. पट्टीची बाजू प्लसकडे, डायोड लोडच्या टर्मिनलपाशीच. उलटा लागला तर पहिल्याच ‘टक्’ला शॉर्ट. डीसीवर ठिणगी जास्त चिवट असते. एसीची ठिणगी दर दहा मिलिसेकंदांनी शून्यावर मरते, डीसीला ती सवलत नाही. रिलेवर २५० व्होल्ट एसीसाठी १० अँपिअर लिहिलेलं असतं तिथेच डीसीसाठी ३० व्होल्ट का लिहितात, ते यातून कळतं.

एक बारीक गोष्ट रिलेच्या स्वतःच्या कॉइलची. तिच्यावर साधा डायोड असतोच, आणि तो ट्रान्झिस्टर वाचवतो. पण कॉइलमधला करंट हळू मरतो, पाती संथपणे सुटते, आणि हलकं चिकटलेले पॉइंट तोडायला लागणारा हिसका मिळत नाही. चिकटण्याच्या काठावर असलेल्या सर्किटमध्ये त्या डायोडच्या सिरीजमध्ये २४ व्होल्टचा झेनर उलट दिशेने टाकला तर पाती झटकन उघडते. ट्रान्झिस्टरवर मग साधारण ३७ व्होल्ट येतात. BC547 ची मर्यादा ४५ आहे, तेव्हा चालतं.

पॉइंट घासून पुन्हा वापरण्याबद्दल: पॉलिश पेपरचे कण चांदीत रुततात आणि मिश्रधातूचा थर निघून जातो. अडीअडचणीला एखादी रात्र काढायला ठीक, पण सकाळी रिले बदला.

पार्किंगमधल्या तिन्ही रिले बसवण्याआधी मी २१ वॅटच्या बल्बवर मिलिव्होल्ट मोजून पेटीच्या झाकणावर मार्करने लिहिले होते: २२, २५, २१. सहा महिन्यांनी रिले सॉकेटमधून काढून पुन्हा मोजले, २४, २७, २४ आले. वॉचमनची बॅटरी आता फक्त अंधारातच लागते.